कागदावरचा तांबडा डाग ते कोलोनोस्कोपी: माझे सहा महिने

११ जून २०२४ रोजी ऑफिसच्या स्वच्छतागृहात टिश्यू पेपरवर मला पहिल्यांदा रक्त दिसले. डाग आठ आण्यांएवढा होता आणि कुंकवासारखा लालभडक होता. दुखले मुळीच नव्हते. घरी आपण पाणी वापरतो, त्यामुळे तिथे किती दिवस असे होत होते हे मला आजही सांगता येणार नाही. पाण्याबरोबर सगळे वाहून जाते आणि आपण मागे वळून पाहतही नाही. ऑफिसातल्या स्वच्छतागृहाचा जेट बरेच दिवस बिघडलेला होता, म्हणून त्या दिवशी कागद हातात घेतला गेला, एवढाच काय तो योगायोग.

माझे वय तेव्हा ४८ होते. पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करते, म्हणजे दिवसाचे आठ तास बसून. दुसऱ्या बाळंतपणापासून मला मूळव्याध आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि मलाही. त्यामुळे डाग पाहून मी घाबरले नाही. घाबरायला हवे होते असेही म्हणत नाही, पण माझ्याजवळ तयार उत्तर होते आणि त्या उत्तरामुळे माझे पाच महिने गेले. औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणली, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घेऊ लागले. आठवड्यात रक्त थांबले आणि विषय संपला असे मी धरले.

ऑगस्टमध्ये लागोपाठ तीन दिवस पुन्हा तेच झाले. गणपतीच्या दिवसांत काही दिसले नाही. मात्र दिवाळीनंतर, फराळाच्या कडक-तेलकट दिवसांत पोट घट्ट झाले आणि ६ नोव्हेंबरला कमोडमध्ये थेंब पडलेले दिसले. पाण्यात रक्ताचा एक थेंबही केवढा पसरतो! त्या दिवशी मात्र पाय गळाले. यजमानांना सांगायला मला दोन दिवस लागले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. पंचवीस वर्षांच्या संसारात न बोललेला असा हा एकच विषय उरला असावा.

११ नोव्हेंबरला मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्या स्वतः स्त्री आहेत, त्यामुळे बोलणे थोडे सोपे झाले. त्यांनी विचारलेले प्रश्न मुद्दाम लिहीत आहे, कारण त्यांची उत्तरे आधीच कागदावर टिपून नेली असती तर मला आठवत बसावे लागले नसते. रक्त शौचाच्या वरून येते की त्यात मिसळलेले असते? शौचाच्या वेळी दुखते का, आणि नंतर किती वेळ दुखत राहते? चिकट शेम पडते का? शौचाची सवय गेल्या काही महिन्यांत बदलली आहे का? वजन आपोआप उतरले आहे का? आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? शेवटचा प्रश्न मला अनपेक्षित होता. उत्तर ‘नाही’ होते.

त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. ती मिनिटभराची असते, अवघडल्यासारखे होते, दुखत नाही. बोटाला काही लागले नाही. मी लगेच म्हणाले, “म्हणजे मूळव्याधच ना?” त्या म्हणाल्या, “आतली मूळव्याध मऊ असते, ती बोटाला सहसा कळतच नाही. त्यामुळे ती आहे की नाही, हे यावरून मी सांगू शकत नाही. आधी रक्त तपासून घ्या.” हिमोग्लोबिन १०.६ आले, स्त्रियांमध्ये ते किमान १२ असायला हवे. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही खूप खाली होते. डॉक्टरांचे ५०० आणि तपासणीचे १,४०० असे १,९०० रुपये पहिल्या आठवड्यात खर्च झाले.

इथेही माझ्याकडे तयार उत्तर होते. वर्षभर माझी पाळी अनियमित होती आणि आली की अंगावरून जास्त जायचे, तेव्हा रक्त कमी असणारच. डॉक्टरांनी ते खोडून काढले नाही. त्या एवढेच म्हणाल्या की पाळी हे कारण असू शकते, मूळव्याधही असू शकते, पण एकाच बाईचे दोन वाटांनी रक्त जात असताना आणि तिचे वय अठ्ठेचाळीस असताना दोन्ही कारणे न पाहता गृहीत धरणे बरोबर नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक चिठ्ठी दिली आणि पोटविकारतज्ज्ञांकडे दुसरी.

पोटविकारतज्ज्ञांची वेळ २१ नोव्हेंबरची मिळाली. दहा दिवसांच्या त्या मधल्या काळात ओळखीतून एक सल्ला आला आणि मी मूळव्याधीच्या एका खासगी केंद्रात जाऊन आले. तिथल्या समुपदेशकाने माझे बोलणे पाच मिनिटे ऐकले आणि तपासणीआधीच लेसरच्या शस्त्रक्रियेचे ५५,००० रुपयांचे पॅकेज कागदावर लिहून दिले. तो कागद घेऊन मी परत आले. लेसर वाईट असे मला म्हणायचे नाही. पण रक्त कुठून येते ते कुणी पाहण्याआधीच उपचाराची किंमत ठरली होती.

२१ तारखेला तज्ज्ञांनी प्रॉक्टोस्कोप घातला. ही हाताच्या बोटाएवढ्या लांबीची एक नळी असते, तिच्यातून गुदाशयाचा शेवटचा काही सेंटिमीटरचा भाग डोळ्यांनी दिसतो. आत मूळव्याधीचे तीन कोंब होते, दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे कुंथताना बाहेर येणारे आणि आपोआप आत जाणारे. मला हायसे वाटले. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा, कारण कपडे सावरून मी खुर्चीत बसल्यावर त्यांनी कागदावर मोठ्या आतड्याचे चित्र काढले. उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली, एक उलटा यू. “हे साधारण दीड मीटर आहे,” ते म्हणाले, “आणि आता मी जे पाहिले ते एवढेच.” त्यांनी चित्राच्या अगदी तळाशी पेनाने एक आडवी रेघ मारली.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते मला जसे कळले तसे मांडते. लालभडक रक्त बहुधा शेवटच्या भागातून, म्हणजे गुदद्वार, गुदाशय किंवा डावीकडचे आतडे यांतून येते. जितके वरून येईल तितके ते गडद होत जाते आणि जठरातले रक्त डांबरासारखे काळे होऊन बाहेर पडते. प्रौढांमध्ये कागदावर लाल रक्त दिसण्याची सर्वांत नेहमीची कारणे दोन आहेत. गुदद्वाराला चीर पडली असेल, जिला सगळे फिशर म्हणतात, तर शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे दुखते, नंतरही बराच वेळ ठणकते आणि कागदावर रक्ताची बारीक रेघ दिसते. मूळव्याधीचे रक्त बहुतेक वेळा न दुखता येते, कागदाला लागते किंवा शौच झाल्यावर टपटप पडते. आतड्याला सूज असेल तर रक्ताबरोबर शेम येते, वरचेवर घाई होते आणि ते दिवसेंदिवस चालते. आणि मग आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, किंवा कर्करोग. अडचण ही की डाव्या बाजूच्या पॉलिपचे रक्त अगदी मूळव्याधीसारखेच, न दुखता आणि लालभडक येऊ शकते. नुसत्या रंगावरून फरक करता येत नाही.

“पण मूळव्याध तर दिसली,” मी पुन्हा म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “ताई, तुमच्या वयाच्या किती जणांना मूळव्याध असते! ती दिसली म्हणजे ती आहे, एवढेच सिद्ध होते. रक्त तिचेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.”

अशा तपासणीसाठी पंचेचाळीस हे वय सांगितले जाते, तो आकडा कुठून आला, हे मी विचारलेच. पॉलिप वयाबरोबर वाढत जातात, असे त्यांनी सांगितले. बहुतेक पॉलिपांचा कर्करोग कधीच होत नाही, पण आतड्याचे बहुतेक कर्करोग आधी पॉलिपच असतात आणि त्या प्रवासाला साधारण दहा वर्षे लागतात. अमेरिकेत काहीही तक्रार नसलेल्या सामान्य माणसांनी पन्नाशीपासून तपासणी करावी असा शिरस्ता होता, तो २०२१ साली पंचेचाळिशीपर्यंत खाली आणला गेला, कारण कमी वयात हा आजार दिसण्याचे प्रमाण तिथे वाढत होते. “आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही,” ते म्हणाले, “पण तो नियम तक्रार नसलेल्यांसाठी आहे. तुमचे रक्त तीनदा गेले आहे आणि हिमोग्लोबिन साडेदहा आहे. तुमची ही आवड म्हणून केलेली तपासणी नाही, तक्रारीचा शोध आहे.” तिशीतल्या माणसाला एकदाच थोडे रक्त गेले, दुखले आणि चीर डोळ्यांना दिसली, तर ते लगेच दुर्बीण घालत नाहीत. मात्र त्याचेही वजन उतरत असेल, रक्त कमी असेल किंवा जवळच्या नात्यात हा आजार असेल, तर वयाकडे पाहत थांबत नाहीत.

अर्धे आतडे पाहणारी छोटी दुर्बीणही असते, पण त्यांनी सगळे मोठे आतडे पाहणारी कोलोनोस्कोपीच सुचवली. उजव्या बाजूच्या गाठीचे रक्त डोळ्यांना सहसा दिसत नाही, ती माणसाला हळूहळू पांढरे करते, आणि माझा फेरिटिनचा आकडा त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

तारीख ७ डिसेंबर, शनिवार, सकाळी दहाची ठरली. इथून विम्याचे प्रकरण सुरू होते. इस्पितळात विम्याचे दावे पाहणाऱ्या टीपीए डेस्कवर सांगण्यात आले की केवळ निदानासाठीच्या तपासणीला कॅशलेस मिळत नाही. घरी येऊन पॉलिसी वाचली तर ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ नावाचे वगळलेले कलम खरोखरच होते. मात्र तपासणीत काही सापडून ते त्याच वेळी काढले तर तो डे-केअर उपचार धरला जाऊ शकतो आणि मागाहून दावा करता येतो, असे डेस्कवरच्या मुलीने हळूच सांगितले. तिच्याच सांगण्यावरून मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘वारंवार गुदमार्गे रक्तस्राव व लोहाची कमतरता’ असे स्पष्ट लिहून घेतले. पुढे त्या एका ओळीने मोठे काम केले.

तयारी आठवडाभर आधी सुरू झाली. लोहाच्या गोळ्या ३० नोव्हेंबरपासून बंद केल्या, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते आणि दुर्बिणीला आतडे नीट दिसत नाही. मला मधुमेह नाही आणि रक्त पातळ करणारे औषधही नाही, पण ज्यांना आहे त्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, त्याचे वेगळे वेळापत्रक डॉक्टर देतात. शेवटचे तीन दिवस चोथा नसलेला आहार होता. पालेभाजी, कोशिंबीर, सालीची कडधान्ये, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, शेंगदाणे सगळे बंद. मऊ भात, गाळलेले वरण, इडली, दहीभात चालले. नेमका ५ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला आणि शेंगदाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी करावी लागली. ती कशी लागते हे सांगण्यात अर्थ नाही, पण साबुदाणा चालला आणि माझा उपासही राहिला. शुक्रवारी दिवसभर फक्त स्वच्छ पातळ पदार्थ: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, बीट, लाल रंगाचे कोणतेही पेय नाही, कारण आत ते रक्तासारखे दिसते.

औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, जी दोन लिटर पाण्यात कालवायची असते. मला साडेपाचशेला मिळाली. निम्मे शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि निम्मे शनिवारी पहाटे चारला प्यायचे होते. दोन भागांत विभागण्याचे कारण असे की सगळे रात्रीच प्यायले तर सकाळपर्यंत आतड्यात पुन्हा चिकट पातळ थर जमतो. चव खारट, साबणाच्या पाण्यासारखी. पहिला पेला मी साधाच प्याले आणि दुसऱ्याला उमासा आला. मग पातेले फ्रीजमध्ये ठेवले आणि स्ट्रॉने, जिभेच्या मागे सोडत, दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर असे घेतले. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखली. तासाभराने पोटात गुडगुडू लागले आणि मग संडास ते खोली एवढेच जग उरले. त्वचा सोलवटते, म्हणून आधीच खोबरेल तेल लावून ठेवावे. पहाटेचा भाग जास्त जड गेला. काम झाले हे कसे ओळखायचे, तर शेवटी बाहेर पडणारे पाणी फिकट पिवळे आणि गाळ नसलेले असावे, कमोडचा तळ दिसावा. माझे पावणेसहाला तसे झाले. सातनंतर पाणीही बंद होते.

इस्पितळात नऊला पोहोचलो. सोबत कुणी असल्याशिवाय घेतच नाहीत, कारण गुंगीमुळे चोवीस तास गाडी चालवता येत नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करू नये असेही सांगतात. संमतिपत्रात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका लिहिलेला होता. तो वाचून माझा हात थबकला. भूलतज्ज्ञांनी सांगितले की साध्या तपासणीत तो हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, काही कापून काढले तर थोडा वाढतो. मागून उघडा असलेला गाऊन, हाताला सलाईन, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी. छतावरच्या पंख्याची तीन पाती मी मोजली आणि पुढचे मला आठवत नाही ते यजमानांनी उठवेपर्यंत. चाळीस मिनिटे गेली होती. पोट फुगल्यासारखे होते, वारा सरला तसे मोकळे झाले. तिथे त्याची कुणीही लाज बाळगत नाही, उलट परिचारिका विचारून जातात.

डॉक्टर येऊन म्हणाले की दुर्बीण मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत गेली, आतडे स्वच्छ होते, आणि डावीकडच्या खालच्या वळणावर, गुदद्वारापासून २८ सेंटिमीटरवर, देठ असलेला १४ मिलिमीटरचा एक पॉलिप होता. तारेच्या फासाने तो त्याच वेळी काढला आणि तपासणीला पाठवला. बोट, प्रॉक्टोस्कोप, कोणीही २८ सेंटिमीटरपर्यंत पोहोचणार नव्हते. “मग रक्त त्याचेच होते?” मी विचारले. ते म्हणाले, “पृष्ठभाग थोडा सोललेला होता, त्यामुळे असू शकते. मूळव्याधीचेही असू शकते. दोघांपैकी कुणाचे, हे मी शपथेवर सांगणार नाही.” मला हे उत्तर आवडले. रिपोर्टवर आतड्याच्या टोकाचा फोटो आणि स्वच्छतेचे गुण छापलेले असतात, ते दोन्ही आहेत ना हे पाहून घ्यावे. त्यांवरून तपासणी पूर्ण झाली की नाही ते कळते.

घरी जाताना सूचना मिळाल्या: दोन आठवडे लांबचा प्रवास नको, जड उचलू नका, कारण देठाच्या जागेवरून त्या काळात उशिराही रक्त सुटू शकते. वाटीभर रक्त गेले, पोट कडक होऊन दुखले किंवा ताप आला तर थांबू नका, थेट या. तसे काही झाले नाही.

गाठीच्या तपासणीचा निकाल १३ डिसेंबरला आला. ते सहा दिवस मी हिशेबात दोनदा चुकले. ‘ट्यूब्युलर अडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया, देठाची कड मोकळी’ अशी ओळ होती. डिस्प्लेशिया हा शब्द मी फोनवर शोधला आणि रात्रभर जागले. सकाळी डॉक्टरांनी सांगितले की पॉलिप अडिनोमा जातीचा असला की पेशींत एवढा बदल असतोच, हा कर्करोग नाही, आणि तो पूर्ण निघाला आहे. मात्र दहा मिलिमीटरपेक्षा मोठा असल्यामुळे पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. लहानसा एखादा असता तर सात ते दहा वर्षे सवड मिळाली असती.

एकूण बिल २३,४०० झाले: तपासणी आणि भूल १२,५००, पॉलिप काढणे ९,०००, गाठीची तपासणी १,९००. दाव्यासाठी ‘भाग अ’ मी भरला, ‘भाग ब’ इस्पितळाने शिक्का मारून दिला. सोबत डिस्चार्ज समरी, मूळ बिले, गाठीचा रिपोर्ट आणि रद्द केलेला धनादेश जोडला. तीन आठवड्यांनी शंका आली की ही तपासणी आवश्यक का होती. डॉक्टरांची ती चिठ्ठी पुन्हा पाठवली. फेब्रुवारीत १९,६०० रुपये खात्यात आले. सगळ्या कागदांच्या प्रती काढून ठेवल्या नसत्या तर मूळ बिलांसाठी पुन्हा खेटे घालावे लागले असते.

मूळव्याध आहे तिथेच आहे. तिच्यावर शस्त्रक्रिया केली नाही. इसबगोल, भरपूर पाणी आणि कमोडवर पाच मिनिटांपेक्षा जास्त न बसणे, मोबाइल बाहेर ठेवणे, एवढेच चालू आहे. फेब्रुवारीत एकदा कागदावर पुन्हा डाग दिसला. मी तारीख लिहिली आणि फॅमिली डॉक्टरांना कळवले. या वेळी तो मूळव्याधीचा मानायला आधार आहे, असे त्या म्हणाल्या, पण पुन्हा पुन्हा येऊ लागला तर कोंबांना रबर बँड लावता येईल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाळीचा उपचारही सुरू झाला आणि मार्चमध्ये हिमोग्लोबिन १२.३ भरले.

राहता राहिला भाऊ. दहा मिलिमीटरहून मोठा अडिनोमा सापडला की सख्ख्या भावंडांनी चाळिशीपासूनच तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी जाताजाता सांगितले होते. तो ठाण्याला असतो, ४४ वर्षांचा आहे. मी रिपोर्टचा फोटो पाठवला तर दोन दिवस निळ्या खुणांपलीकडे काही आले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बरेच बोलून झाल्यावर त्याने विचारले, “ताई, ते पाणी खरंच दोन लिटर प्यावं लागतं का गं?” मी म्हटले, “हो. पातेलं फ्रीजमध्ये ठेव आणि स्ट्रॉ आणून ठेव.” त्याने पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे.